3 ऑगस्टपासून कामाच्या वेळेत बदल

सगळ्यांना नमस्कार,

सोमवार, 3 ऑगस्टपासून आपली फोन लाइन सकाळी 10 ऐवजी 8:30 ला सुरू होईल. संध्याकाळी ती आत्तासारखीच 7 ला बंद होईल. कामाचे तास, जेवणाची सुट्टी आणि पगार यांत काहीही बदल नाही.

कारण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. रात्री अडकलेली ऑर्डर ग्राहकाला सकाळी उठल्या उठल्या दिसते आणि तो लगेच फोन करतो. आपण 10 ला बसतो तेव्हा आधीच वाट बघून वैतागलेली माणसं समोर असतात, आणि त्यांचा राग झेलता झेलता जेवणाची वेळ होते. हा भार तुमच्यावर रोज पडतोय, तो कमी व्हायला हवा. संध्याकाळी 5:30 नंतर मात्र फोन खूपच कमी येतात.

लाइन 8:30 ला सुरू होणार, एवढं ठरलेलं आहे. कोणी कधी यायचं, ते मी ठरवलेलं नाही. आपण बारा जण आहोत. सकाळी 8:30 ते 5:30 या वेळेत सात जण लागतील, बाकीच्यांची वेळ 10 ते 7 अशी जुनीच राहील. तुम्हाला कोणती वेळ सोयीची आहे, ते बुधवार, 22 जुलैपर्यंत मला कळवा. सकाळच्या वेळेसाठी सात नावं आली नाहीत, तर उरलेल्या जागा आठवड्याच्या पाळीने वाटून घेऊ. पण मुलांची शाळा, घरातल्या कोणाचं आजारपण, लांबचा प्रवास किंवा सुरू असलेला क्लास यामुळे लवकर येणं खरंच अवघड असेल, तर तुमचं नाव त्या पाळीत धरणार नाही. कारण सगळ्यांसमोर सांगायची गरज नाही, मला एकट्याने भेटून किंवा मेसेज करून सांगितलंत तरी पुरे. यावरून कामाबद्दल कोणाचंही मत बनणार नाही, ही जबाबदारी माझी.

सोमवारची मीटिंग 11:30 वर नेत आहे, म्हणजे दोन्ही वेळांचे लोक असतील. 5:30 ला निघणाऱ्यांनी पेंडिंग तिकिटांवर दोन ओळींची नोंद करून जावं. त्यानंतर आलेल्या मेसेजला घरून उत्तर द्यावं, अशी अपेक्षा नाही. ग्रुपवर मीच काही टाकलं, तरी ते दुसऱ्या दिवशी बघितलंत तर चालेल.

ही व्यवस्था सध्या सहा आठवड्यांसाठी आहे. शुक्रवार, 11 सप्टेंबरला एकत्र बसून काय जमलं, काय नाही ते बघू आणि गरज असेल तर वेळा पुन्हा बदलू. मधेच कोणाची ओढाताण होत असेल, तर तोपर्यंत थांबू नका.

आधी मंजूर झालेल्या सगळ्या रजा तशाच राहतील. या गुरुवारी आणि शुक्रवारी दुपारी 3 ते 5 मी फक्त याच बोलण्यासाठी मोकळी आहे, कधीही या.

तुमची,
टीम लीड, ग्राहक सेवा