काका, पाहुण्यांच्या यादीबद्दल

प्रिय काका,

सा. न.

काल फोनवर तुम्ही तुमच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपमधल्या आठ जणांना आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाला बोलवूया म्हणालात, तेव्हा मी "बघते" म्हटलं. बघितलं. रात्री दादाबरोबर यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. फोनवर बोलताना मी गडबडेन, म्हणून लिहितेय. काका, त्या आठ जणांना कार्यक्रमाला बोलावणं आपल्याला जमणार नाही.

हॉलमध्ये १२० जणांचीच सोय आहे आणि आपली यादी बरोबर १२० ची झालीये. चार खुर्च्या जास्त टाकता येतील का, हे मी व्यवस्थापकांना आधीच विचारलं होतं. ते म्हणाले, दारांसमोरची आणि मधली वाट मोकळी ठेवावीच लागते, त्यामुळे एकही खुर्ची वाढणार नाही. मोठा हॉल बघावा, तर या हॉलची आगाऊ रक्कम बुडते, आणि इतक्या उशिरा त्या तारखेला दुसरा मिळणंही कठीण.

तुम्ही त्यांच्या जेवणाचा खर्च देतो म्हणालात. अगदी तुमच्यासारखंच बोललात! पण तो घेता येणार नाही. या कार्यक्रमाचा सगळा खर्च दादाने आणि मी निम्मा-निम्मा उचलायचा, बाबांना खिशात हात घालू द्यायचा नाही, असं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं. जमवलेले पैसे जिथल्या तिथे लागलेत. आणि समजा पैशांचं जमलं, तरी बसायला जागा कुठून आणायची?

"आयत्या वेळी पाच-दहा जण गळतातच," हेही तुम्ही म्हणालात. एरवी गळतातही. पण या वेळी बाहेरगावच्या बहुतेकांची तिकिटं काढून झालीयेत, आणि प्रत्येकाने येतो म्हणून कळवलंय. त्यातूनही दोन जागा रिकाम्या राहिल्याच, तर आठांतल्या कुठल्या दोघांना बोलवाल? उरलेल्या सहा जणांबरोबर दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला तुम्हालाच जायचंय.

यादी करताना आम्हालाही बरीच नावं गाळावी लागली. माझ्या ऑफिसमधलं कुणीच येत नाहीये. आईच्या शाळेतल्या फक्त पाच जणी येतायत, आणि त्या पाच कोण, हे ठरवताना आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तुमच्याआधी घरातल्याच आणखी दोघांनी असंच विचारलं होतं. त्यांनाही नाहीच म्हणावं लागलं. आता तुमच्यासाठी यादी वाढवली, तर त्यांना तोंड कसं दाखवू?

एक विनंती. हे बाबांच्या कानावर घालू नका. ते लगेच "येऊ देत की" म्हणतील आणि कार्यक्रमात स्वतःची खुर्ची दुसऱ्याला देऊन कोपऱ्यात उभे राहतील. तुमचा भाऊ आहे, तुम्हाला मी काय सांगणार.

पण तुमच्या मित्रांना बाबांना भेटायचंय, हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. कार्यक्रमानंतरच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्या सगळ्यांना आमच्या घरी चहाला घेऊन या. गच्चीवर बसू. त्या गर्दीत बाबा प्रत्येकाशी दोन मिनिटंसुद्धा बोलू शकणार नाहीत. इथे तासभर निवांत गप्पा होतील, आणि तुमच्या मंडळींसमोर बाबांना जुने किस्से रंगवून सांगता येतील. आईला मी विचारलंय, तिची काही हरकत नाही.

तुम्ही त्यांच्यापैकी कुणाला कार्यक्रमाचं आमंत्रण आधीच देऊन बसला असाल, तर मोकळेपणाने सांगा. तुम्हाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मीच त्यांना फोन करेन. "जागा भरली, चूक यादी करणाऱ्या पुतणीची," असं बिनधास्त सांगा. मला चालेल. घरातल्या धाकट्यांचा तेवढा तरी उपयोग व्हावा.

तुमच्या घरच्या चौघांच्या जागा पहिल्या रांगेत आहेत, त्यात काही बदल नाही. काकूंना पायऱ्या चढायला त्रास होतो, म्हणून त्यांच्यासाठी लिफ्टजवळच्या दाराने यायची सोय केलीये. त्या दाराशी दादा उभा असेल. आणि बाबांबद्दल पाच मिनिटं तुम्हीच बोलायचंय. त्यांच्या लहानपणचं सांगणारं आता तुमच्याशिवाय दुसरं कुणी उरलेलं नाही. सायकलचा किस्सा सांगा, पण आईला माहीत नसलेला भाग गाळून!

जेवणाऱ्यांचा अंतिम आकडा मला गुरुवारी दुपारपर्यंत कळवायचाय. तुमच्याकडचे चार धरतेय. रागावला असाल तर आज रात्री फोन करून रागवा, मी नऊनंतर मोकळी आहे.

तुमची
धाकटी पुतणी