वेव्हजच्या पेपरबद्दल

सई,

काल पेपर बॅगेत कोंबून न बोलता गेलीस, "मला वेव्हज जमणारच नाहीत सर" एवढंच म्हणालीस, म्हणून रात्री तुझ्या पेपरचा फोटो परत नीट बघितला. सहापैकी चार गणितं चुकली, खरंय. पण चुका कुठे झाल्यात ते बघ ना.

बंद पाइपचं गणित घे. लांबी 17 सेंमी, आवाजाचा वेग 340, आणि फॉर्म्युला तू बरोब्बर v/4L लिहिलायस. फक्त L च्या जागी 17 टाकलंस, 0.17 नाही, म्हणून 500 च्या ऐवजी 5 हर्ट्झ आलं. अगं, 20 हर्ट्झच्या खालचं तर आपल्याला ऐकूच येत नाही! उत्तराकडे दोन सेकंद बघितलं असतंस तर तुलाच खटकलं असतं.

y = 0.02 sin(4πx − 200πt) मध्ये पण तेच. ω/k करून 50 मीटर पर सेकंद काढलंस, गणित चोख, पण विचारला होता कणाचा जास्तीत जास्त वेग, म्हणजे Aω, जवळपास 12.6. आणि शेजारच्या दोन नोड्समधलं अंतर λ धरलंस, ते λ/2 असतं हे तूच मला मागच्या आठवड्यात सांगितलं होतंस.

म्हणून आता नवीन गणितं नकोत, आधी एक चेकलिस्ट कर, वहीच्या शेवटच्या पानावर, तुझ्याच अक्षरात. "युनिट्सकडे लक्ष दे" असलं काही लिहू नकोस, परीक्षेत ते डोळ्यांना दिसतच नाही. प्रश्न लिही, आणि असा की ज्याचं उत्तर हो किंवा नाही येईल: सेंमी दिसलं का, मीटर केलं का? वेग कणाचा विचारलाय का? दोन नोड्स शेजारचेच आहेत ना? आलेली फ्रिक्वेन्सी ऐकू येण्यासारखी आहे का? प्रत्येक ओळीपुढे कुठल्या गणितात चुकलीस तो नंबर टाक. पाच-सहा ओळींच्या वर नको, आणि सलग तीन पेपरात जी चूक झाली नाही ती ओळ खोडून टाक.

एक चूक मात्र चेकलिस्टने सुटणार नाही. बंद पाइपची पुढची फ्रिक्वेन्सी तू दुप्पट केलीस, ती तिप्पट येते, 1500. ते घाईत झालेलं नाही, ते अजून कळलेलं नाहीये आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. बंद टोकाला नोड, उघड्या टोकाला अँटिनोड ठेवून चित्र काढ, आधी पाव वेव्ह बसते, मग थेट पाऊण, मधलं अर्धं बसतच नाही. हे दोन-तीनदा हाताने काढ, नाही पटलं तर आपण सोबत काढू.

गुरुवारी येताना ते पान घेऊन ये, अर्धवट असलं तरी चालेल. तेच सहा प्रश्न आकडे बदलून देतो, पान समोर उघडं ठेवून सोडव.

सर