‘दुकान नाही’ म्हणणारी पाटी

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या दारावर तीन वाक्यांची पाटी आहे: ‘हे घर आहे, दुकान नाही. चौकशीसाठी आत येऊ नये. दुपारी १ ते ४ बेल वाजवू नये.’

पाटी दोन जोड्यांवर उभी आहे: घर/दुकान आणि आत/बाहेर. घर वरचं, दुकान खालचं; आतलं आपलं, बाहेरचं परकं. पण ‘हे घर आहे’ एवढ्यावर वाक्य थांबत नाही. ‘दुकान नाही’ जोडल्याशिवाय घराला आपलं घरपण सांगता येत नाही. ज्याला हाकललं, तेच व्याख्येत येऊन बसतं. फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा याला पुरवणी म्हणतो: वरून जोडल्यासारखी दिसते, पण मुळातली उणीव भरून काढते.

खरी फट तिसऱ्या वाक्यात आहे. दारावर वेळा लावतं ते दुकान. त्यातही १ ते ४ ही पुण्यातल्या दुकानांची वामकुक्षीची वेळ! विसावा हा घराचा खास गुण, आणि तो मागताना पाटी दुकानाचीच भाषा बोलते. शिवाय चार वाजल्यानंतर बेल वाजवायला हरकत नाही, असंही ती नकळत कबूल करते, म्हणजे दुसऱ्या वाक्यातली मनाई सैल पडते.

म्हणून दुकान श्रेष्ठ ठरतं असं नाही. नुसती उलटापालट केली तर उतरंड तशीच राहते. मला महत्त्वाची वाटते ती पाटीची जागा. ती दाराच्या बाहेरच्या अंगाला आहे. घराचं ‘आत’पण जिथे लिहिलंय, तिथे ते फक्त बाहेरच्यालाच वाचता येतं.