ब्रुनोला घरी नेताना: गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची काळजी

रुग्ण: ब्रुनो, लॅब्राडोर, नर, वय 6 वर्षे, वजन 34 किलो
ऑपरेशन: डावा मागचा गुडघा, टीपीएलओ, 6 जानेवारी 2026
डिस्चार्ज: 8 जानेवारी 2026, सोलापूर
टाके काढायला: 20 जानेवारी
एक्स-रेसाठी: 5 मार्च, सकाळी उपाशीपोटी

नमस्कार,

दवाखान्यात उभ्या उभ्या सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं विसरतं, म्हणून सगळं लिहून देतो आहे. घरात सगळ्यांना वाचून दाखवा, आजींना तर नक्कीच. ब्रुनोला ताटातला घास कोण देतं, हे या दोन दिवसांत आम्हालाही कळलंय.

काय केलंय ते आधी. कुत्र्याच्या नडगीच्या हाडाचा माथा मागच्या बाजूला उतरता असतो. पाय टेकला की मांडीचं हाड त्या उतारावरून मागे घसरू पाहतं आणि गुडघ्यातला क्रुशिएट लिगामेंट ते धरून ठेवतो. ब्रुनोचा हा लिगामेंट पूर्ण तुटला होता. तो शिवून जुळत नाही. म्हणून नडगीचा माथा कापून, थोडा फिरवून उतार कमी केला आणि प्लेट व 6 स्क्रूंनी बसवला. आतल्या गादीचा, म्हणजे मेनिस्कसचा, फाटलेला तुकडाही काढून टाकला. थोडक्यात, आपण त्याचं हाड कापलेलं आहे, आणि ते भरून यायला 8 ते 12 आठवडे लागतात.

माझी खरी काळजी पहिल्या आठवड्याची नाही. तेव्हा तो दुखतंय म्हणून आपणच गप्प पडून राहील. तिसऱ्या आठवड्यात तो चारही पाय टेकून चालू लागेल, शेपटी हलवत दारात उभा राहील आणि तुम्हाला वाटेल, झालं की बरं! त्या वेळी आत हाड कच्चंच असतं. एक उडी, गेटवर मांजर दिसली म्हणून मारलेली एक धाव, एवढ्यानेही स्क्रू सैल होऊ शकतात, मग परत ऑपरेशन. 5 मार्चचा एक्स-रे मी बघेपर्यंत त्याला साखळीशिवाय सोडायचं नाही, अंगणातसुद्धा नाही.

जागा. हॉलचा एक कोपरा अडवून घ्या. उठता-वळता येईल एवढी जागा पुरे. तुमच्याकडे शहाबादी फरशी आहे आणि ती पॉलिश केलेली आहे. त्यावर मागचा पाय सर्रकन फाकतो. सतरंजी किंवा रबरी मॅट अंथरा, कडा चिकटपट्टीने फरशीला चिकटवा. नुसती चादर नको, ती गोळा होते आणि पाय तिच्यात अडकतो. पाणी आलं की तुमच्याकडे अंगण धुतलं जातं. वाळेपर्यंत त्याला बाहेर आणू नका. दिवाण, सोफा, जिना, दुचाकीच्या पुढे बसणं, सगळं बंद. रात्री तो वर झोपायला येतो असं तुम्ही म्हणालात, तर आता घरातल्या कुणीतरी खाली झोपा. हे सोपं पडतं, खरंच.

शी-शू. पहिले दोन आठवडे फक्त त्यासाठीच बाहेर न्यायचं, दर वेळी पाचेक मिनिटं, आखूड पट्ट्यावर. मागच्या पायांच्या पुढे पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं वर धरा. त्याला उचलायचं नाही, घसरला तर सावरण्यापुरता आधार द्यायचा. टॉवेल लघवीच्या जागेवर येऊ देऊ नका, नाहीतर तो शू करणारच नाही. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस शी झाली नाही तरी घाबरू नका. लघवी मात्र दिवसभरात झाली नाही तर फोन करा. दोन आठवड्यांनंतर चालणं दर आठवड्याला पाच-पाच मिनिटांनी वाढवायचं. चाल संथ हवी. संथ चालला तरच तो पाय टेकतो, घाईत तीन पायांवर उड्या मारतो.

जखम. चीर गुडघ्याच्या आतल्या बाजूला आहे. सकाळ-संध्याकाळ उजेडात बघा आणि रोज मोबाईलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे कालच्याशी ताडून पाहता येईल. थोडी लाली, थोडं निळंकाळं चालेल. तीन-चार दिवसांनी सूज खाली उतरून घोट्याजवळ मऊ फुगा दिसेल. वरचं पाणी खाली उतरतं, एवढंच, आपोआप जिरतं. हळद, तेल, पावडर काही लावायचं नाही, अंघोळ नाही. गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर टाके निघेपर्यंत चोवीस तास. ती घालून तो खातो-पितो, आम्ही पाहिलंय. तोंड पाडून बसतो ते नाटक आहे. जीभ लागली की टाके एका रात्रीत उघडतात.

पहिले तीन दिवस बर्फाची पिशवी पातळ कापडात गुंडाळून गुडघ्यावर 10 मिनिटं, दिवसातून तीनदा. चौथ्या दिवसापासून तुम्हाला दाखवलं तसं, तो कुशीवर पडलेला असताना, गुडघा हळूच दुमडायचा आणि सरळ करायचा, 10 वेळा. त्याने मान वळवून पाहिलं की तिथेच थांबा.

औषधं.
मेलोक्सिकॅम पातळ औषध: रोज सकाळी एकदा, जेवणानंतरच, सोबतच्या सिरिंजवर 34 किलोच्या खुणेपर्यंत. आजचं दिलंय. 17 जानेवारीपर्यंत.
गॅबापेंटिन 300 मिलिग्रॅम: सकाळी व रात्री एक. गुंगी येईल, चाल थोडी डुलेल. 17 जानेवारीपर्यंत.
सेफॅलेक्सिन 750 मिलिग्रॅम: सकाळी व रात्री एक, खाण्यासोबत. 14 जानेवारीच्या रात्रीपर्यंत.

उलटी, काळी शी किंवा खाणं बंद झालं तर मेलोक्सिकॅम तिथेच थांबवा आणि कळवा. घरातली माणसांची दुखण्याची गोळी, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल, अर्धीसुद्धा नको. त्याने पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड किंवा यकृत जातं.

खाणं. त्याचं वजन 29-30 हवं. आता हालचालही नाही, तेव्हा रोजचं खाणं चौथ्या हिश्श्याने कमी करा. चहाबरोबरची बिस्किटं बंद. भाकरीला लावलेली शेंगाचटणी तर कधीच नको, तिच्यातला लसूण कुत्र्याला बाधतो. हे वजनाचं मी कडक बोलतोय, कारण एक लिगामेंट तुटलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचा पुढे दुसऱ्या पायाचाही तुटतो.

आणि गड्ड्याची यात्रा तोंडावर आहे. शोभेच्या दारूकामाच्या रात्री खिडक्या लावून, टीव्ही चालू ठेवून कुणीतरी त्याच्याजवळ बसा. तो फटाक्यांना घाबरतो हे तुम्ही सांगितलंच आहे. झोपेची जादा गोळी लागेल का, ते आदल्या दिवशी फोनवर विचारा, मनाने देऊ नका.

लगेच फोन करा: जखमेतून पू किंवा न थांबणारं रक्त, टाका उघडणं, गुडघा गरम होऊन सूज वाढणं, टेकत असलेला पाय अचानक पूर्ण वर धरणं, दिवसभर काही न खाणं. दोन आठवडे होऊनही पाय जमिनीला लावतच नसेल तर टाक्यांच्या तारखेला मला सांगा. नंबर फाईलच्या कव्हरवर आहे, रात्रीही उचलतो.

20 तारखेला येताना रिक्षाने या, पण त्याला आत उडी मारू देऊ नका. एकाने छातीखाली, एकाने मांड्यांमागे हात घालून उचला. दवाखान्याला चार पायऱ्या आहेत. खालूनच हाक मारा, आमचा माणूस येईल.