मंगळवार-गुरुवार संध्याकाळी फक्त नवशिक्यांसाठी स्क्वॉश प्रशिक्षण: सचिवांना पत्र

दि. ५ जानेवारी २०२६

प्रति,
मा. सचिव,
क्लब कार्यालय

विषय: मंगळवार व गुरुवारी संध्याकाळी केवळ नवशिक्यांसाठी आठ आठवड्यांची स्क्वॉश बॅच सुरू करण्याबाबत

स.न.वि.वि.

शनिवारच्या खुल्या सत्रात येणारे नवे सभासद दोन-तीनदा येतात आणि मग दिसेनासे होतात, हे आपल्याही लक्षात आले असेल. खेळ कठीण वाटला असे ते सांगतात. आम्हा प्रशिक्षक-सभासदांचे मत जरा वेगळे आहे. त्यांना चुकीच्या चेंडूने आणि चुकीच्या जोडीदाराबरोबर खेळायला उभे केले जाते. खेळ त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

शनिवारी आपण दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू वापरतो. हा चेंडू गार असताना जवळजवळ उसळत नाही. जोरात आणि सलग फटके बसून तो चांगला गरम झाला, की मगच नीट उडतो. मुरलेले दोघे दोन-तीन मिनिटांत तो गरम करतात. नवशिक्याची रॅली दोन-तीन फटक्यांत संपते, मधल्या वेळात चेंडू पुन्हा गार पडतो आणि मागच्या भिंतीपाशी मेल्यासारखा लोळतो. तो उचलायला वाकून मनगट झटकावे लागते, आणि पहिली वाईट सवय तिथेच लागते. समोर कसलेला खेळाडू असला तर तो एकतर कंटाळतो, नाहीतर दया दाखवून मध्यात हळू चेंडू देत राहतो. दोन्हींत शिकणे होत नाही. म्हणून ही बॅच फक्त नवशिक्यांची असावी, असा आमचा आग्रह आहे.

नवशिका कोण, हे वयावरून किंवा सभासदत्वाच्या वर्षांवरून ठरवू नये. एका पिवळ्या ठिपक्याच्या चेंडूने एकट्याने मारलेले सलग दहा सरळ ड्राइव्ह सर्व्हिस लाइनच्या वर लागून शॉर्ट लाइनच्या मागे पडत असतील, तर त्या सभासदाने शनिवारी यावे. फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही बाजूंनी. एका बाजूने जमत नसेल, तर तो या बॅचचाच. टेनिस किंवा बॅडमिंटन खेळणाऱ्यांनाही हीच चाचणी लावावी. टेनिसवाले लांब, गोल स्विंग घेऊन चेंडूला टॉपस्पिन देतात, बॅडमिंटनवाले सगळे काम मनगटावर सोडतात. या सवयी मोडायला कोऱ्या माणसाला शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे ऐकून त्यांना थोडे वाईट वाटते खरे.

वेळापत्रक असे सुचवतो. बॅच आठ जणांची, चार-चारांच्या दोन गटांत. पहिला गट ७.१५ ते ८.०० कोर्ट ३ वर प्रशिक्षकाकडे आणि ८.०० ते ८.४५ कोर्ट २ वर सरावाला. दुसरा गट ८.०० ते ८.४५ कोर्ट ३ वर प्रशिक्षकाकडे आणि ८.४५ ते ९.३० कोर्ट २ वर. म्हणजे एका संध्याकाळी ४५ मिनिटांचे चार स्लॉट, आठवड्याला आठ. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी तीन कोर्ट मिळून ९० स्लॉट असतात. सर्वाधिक मागणी ६.३० आणि ७.१५ च्या स्लॉटना आहे. त्यांतला आम्ही दर संध्याकाळी एकच, कोर्ट ३ वरचा ७.१५ चा, मागत आहोत. ६.३० ला हात लावलेला नाही. बुधवारी लीगचे सामने असतात, म्हणून मंगळवार आणि गुरुवार. शिवाय मध्ये एक दिवस मोकळा मिळतो. पहिल्या पंधरवड्यात मांड्या, पार्श्वभाग आणि रॅकेटच्या हाताची कोपराखालची बाजू एवढी दुखते, की लागोपाठच्या दिवशी कोणी येणार नाही.

एका कोर्टवर चारपेक्षा जास्त जण नकोत. कोर्ट ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद आहे. नवशिक्याचा स्विंग हात आणि रॅकेट धरून सहज दीड मीटर फिरतो, आणि कुठे थांबेल याची त्यालाही कल्पना नसते. त्यामुळे चार जण आत असले तरी एका वेळी फटका दोघांनीच मारायचा, एकाने डाव्या बाजूला, एकाने उजव्या. सरावाच्या कोर्टवर उरलेले दोघे दाराबाहेर उभे राहून मोजतील आणि दर तीन मिनिटांनी अदलाबदल होईल. तिथे प्रशिक्षक नसतील, पण आमच्यापैकी एक जण पूर्ण वेळ हजर राहील. आम्ही सहा जण आळीपाळीने हे करू. त्याचे मानधन नको.

शिकवण्याचा क्रम थोडक्यात मांडतो, म्हणजे समितीत कोणी विचारले तर उत्तर हाताशी असेल. पहिले दोन आठवडे पकड आणि अंतर, निळ्या ठिपक्याच्या चेंडूने. तो आकाराने मोठा असतो आणि गार असतानाही उसळतो, त्यामुळे फटक्यासाठी वेळ मिळतो. अंगठा आणि तर्जनी यांमधला इंग्रजी व्ही दांड्याच्या वरच्या आतल्या कडेवर यायला हवा आणि रॅकेटचे तोंड किंचित उघडे राहायला हवे. तवा धरल्यासारखी पकड जवळजवळ प्रत्येकाची असते. तिने फोरहँड कसाबसा जमतो, बॅकहँड मात्र टिनमध्ये जातो. म्हणूनच बॅकहँड पहिल्याच दिवशी घ्यायचा. तो पुढे ढकलला, तर ही पकड पक्की होते.

अंतराची चूक याहून चिवट. नवशिका चेंडूकडे धावतो आणि चेंडू थेट पोटापाशी घेतो. मग कोपर आखडते आणि फटका समोरच्या भिंतीच्या मध्यभागी जातो. यावर उपाय म्हणजे प्रशिक्षकाने हाताने चेंडू टाकायचा, खेळाडूने बाजूच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि पुढच्या पायाच्या रेषेत, हातभर लांबून चेंडू घ्यायचा. कंटाळवाणे आहे, पण पहिल्या चार सत्रांत याला पर्याय नाही.

लांबी ताकदीने येत नाही, उंचीने येते, हेही याच काळात पटवायचे. टिन ४८ सेंटिमीटर उंच आहे आणि सर्व्हिस लाइन १.७८ मीटरवर. नवशिके टिनच्या जेमतेम वर जोरात मारतात. चेंडू कोर्टच्या मध्यात पडतो आणि टीवर उभा असलेला प्रतिस्पर्धी जागचा न हलता तो परत करतो. तोच चेंडू अर्ध्या जोराने सर्व्हिस लाइनच्या दोन हात वर मारला, तर मागच्या कोपऱ्यात जातो.

तिसऱ्या आठवड्यात पायांचे काम. फटका मारून टीवर परत यायचे, आणि समोरचा मारत असताना छोटी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरायचे. चेंडूविना सहा कोपऱ्यांचे घोस्टिंग ३० सेकंद, मग ३० सेकंद विश्रांती, अशा सहाच फेऱ्या. जास्त केल्या की पावले घसटू लागतात आणि चुकीचीच हालचाल अंगात मुरते.

चौथ्यात सर्व्हिस, परतीचा फटका आणि लेट-स्ट्रोकचे नियम. हे नियम तोंडी सांगून कळत नाहीत, दोघांना प्रत्यक्ष त्या जागी उभे करून दाखवावे लागतात. सुरक्षेचा नियम मात्र पहिल्या सत्राच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगायचा: समोरचा खेळाडू चेंडूच्या वाटेत किंवा स्विंगच्या टप्प्यात असेल, तर मारू नका, थांबा आणि लेट मागा. पाचव्या-सहाव्यात लाल ठिपक्याच्या चेंडूवर येऊन बोस्ट, क्रॉसकोर्ट आणि बोस्ट-ड्राइव्हची साखळी. शेवटचे दोन आठवडे अटी घातलेले खेळ (उदाहरणार्थ, शॉर्ट लाइनच्या पुढे पडलेला चेंडू बाद), ११ गुणांचे छोटे गेम आणि अखेरीस वर सांगितलेली चाचणी. ड्रॉप आम्ही मुद्दाम वगळला आहे. मागून चेंडू खोल टाकता येत नसताना ड्रॉप शिकवला, की प्रत्येक जण अडचणीत तोच मारतो आणि टिन वाजत राहते.

साहित्यात निळ्या ठिपक्याचे १२, लाल ठिपक्याचे ८ आणि एका पिवळ्या ठिपक्याचे ६ चेंडू लागतील. जुने चेंडू वापरू नयेत. पृष्ठभाग गुळगुळीत झाला की ते भिंतीवरून घसरतात, आणि चूक आपलीच असे शिकणाऱ्याला वाटते. क्लबच्या आठ रॅकेट पुरेशा आहेत, पण तिघींची ग्रिप सोललेली आहे आणि दोघींच्या डोक्यावरची बंपर पट्टी झिजून फ्रेम उघडी पडली आहे. नवशिके भिंतीवर रॅकेट घासतातच. पट्टी न बदलता दिल्या, तर त्या दोन रॅकेट महिनाभरात तुटतील.

पॉलीकार्बोनेट काचांचे आठ संरक्षक चष्मे मात्र हवेतच, त्यात तडजोड नको. ४० मिलिमीटरचा चेंडू डोळ्याच्या खोबणीत नेमका बसतो, भुवईचे हाड त्याला अडवत नाही. नंबरचा साधा चष्मा संरक्षण तर देत नाहीच, फुटून इजा वाढवतो. चष्मा न लावणाऱ्यास त्या दिवशी कोर्टवर सोडू नये, असा लेखी नियम समितीने करावा. आम्ही सांगितले तर आग्रह वाटतो, समितीने सांगितले तर नियम ठरतो. डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट सक्तीचे आहेतच. लक्ष्याच्या खुणांसाठी डिंक मागे न राहणारी चिकटपट्टी लागेल. खडू नको, त्यावरून पाय घसरतो.

शुल्क प्रत्येक सत्राचे न घेता पूर्ण बॅचचे एकदम घ्यावे. सत्रागणिक पैसे घेतले, की लोक घोस्टिंगचा दिवस चुकवतात आणि गेमच्या दिवशी येतात. रक्कम समितीने ठरवावी. त्यातून प्रशिक्षकांचे दर संध्याकाळचे दीड तासाचे मानधन आणि चेंडूंचा खर्च निघावा, एवढीच आमची अपेक्षा. दुसऱ्या आठवड्यानंतर नवा प्रवेश देऊ नये, कारण एका नव्या माणसासाठी सगळ्या गटाला पुन्हा पकडीपासून सुरुवात करावी लागते. सहापेक्षा कमी नावे आली, तर बॅच पुढे ढकलावी आणि स्लॉट बुकिंगला मोकळे करावेत.

पहिले सत्र मंगळवार, ३ फेब्रुवारी २०२६ रोजी आणि शेवटचे गुरुवार, २६ मार्च २०२६ रोजी व्हावे, अशी आखणी केली आहे. त्यासाठी जानेवारीच्या समिती बैठकीत स्लॉट राखून ठेवण्यास, चष्मे-चेंडूंच्या खरेदीस आणि पाच रॅकेटच्या दुरुस्तीस मंजुरी मिळावी. मंजुरी मिळताच सूचनाफलकासाठी मजकूर आणि नावनोंदणीचा तक्ता दोन दिवसांत कार्यालयात आणून देऊ. नियमित खेळाडूंपैकी कोणाची ७.१५ च्या स्लॉटबद्दल हरकत आली, तर आम्हाला बैठकीला बोलवावे. वेळेत १५ मिनिटे मागेपुढे करायची तयारी आहे, पण दोन कोर्ट आणि चारचा गट यांत बदल करू नये.

कळावे,

आपले नम्र,
क्लबचे स्क्वॉश प्रशिक्षक आणि
स्क्वॉश विभागातील सहा सभासद

सोबत: सोळा सत्रांचा तपशीलवार आराखडा, साहित्याची यादी, सहा सभासदांचे हजेरी-वेळापत्रक