‘एलईडीद्वारे प्लांकचा स्थिरांक’: अहवालातील ‘कृती’ विभागावर अभिप्राय

टी.वाय.बी.एस्सी., गट ४. कृतीसाठी गुण: १० पैकी ५

काल तुमची कृती समोर ठेवून मी मांडणी जोडायला बसले आणि तिसऱ्याच वाक्याशी अडकले: ‘एलईडी उजळू लागताच व्होल्टेज नोंदवले.’ कोणाच्या डोळ्यांना उजळलेला? खोलीत दिवे चालू होते का? किती अंतरावरून पाहिला?

हा बारकाव्याचा अट्टहास नाही. उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्याला सर्वांत संवेदनशील असतो. गडद लाल किंवा निळा दिसायला प्रकाश जास्त लागतो. म्हणजे हिरव्याचे रीडिंग लवकर घेतले गेले, लाल-निळ्याचे उशिरा. सगळ्यांत सारखीच चूक असती तर ती आलेखाच्या छेदात गेली असती, चढ शाबूत राहिला असता. इथे ती रंगागणिक बदलते, आणि h तर तुम्ही चढावरूनच काढता (चढ = hc/e).

त्यात तक्त्यात ९४० नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडीही आहे, १.०५ व्होल्टला. तो उजळलेला दिसला कसा? मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला असेल, नाहीतर I-V आलेखाच्या वळणावरून आकडा काढला असेल. काहीही केले असले तरी कृतीत ते नाही, आणि एकाच रेषेवर दोन निकषांचे बिंदू बसले आहेत. सर्व एलईडींसाठी एकच ठरलेला प्रवाह घ्या, समजा ०.१ मिलिअँपिअर, आणि त्या प्रवाहाचे व्होल्टेज नोंदवा.

परिपथाच्या आकृतीत व्होल्टमीटर पॉवर सप्लायला जोडलेला दिसतो, एलईडीला नाही. प्रत्यक्षातही तसाच जोडला असेल तर १ किलोओहमच्या रोधावरचे व्होल्टेज, ०.१ मिलिअँपिअरला ०.१ व्होल्ट, प्रत्येक रीडिंगमध्ये मिसळले गेले. तरंगलांबी कुठून घेतली? पाकिटावरून असेल तर तसे लिहा. ग्रेटिंग कपाटात आहे, मोजलीत तर उत्तम.

नियंत्रण चाचणी एकही नाही. निदान दोन हव्यात. एलईडीच्या जागी माहीत असलेला रोध लावून I-V रेषा आरंभबिंदूतून जाते का, हे पाहा. मीटरचा शून्यदोष तिथेच कळेल. दुसरी, एकाच लाल रंगाचे तीन वेगळे एलईडी. तुम्ही तीनदा रीडिंग घेतलीत हे चांगले, पण तिन्ही वेळा तोच एलईडी आणि तेच चढते व्होल्टेज. त्यातून तुमचा हात किती स्थिर आहे एवढेच कळते.

मीटरचे लीस्ट काउंट लिहिले आहेत, पायऱ्यांचा क्रमही नीट आहे. ५ गुण त्याचेच. तापमानाची नोंद एका ओळीत पुरे.

७.१ × १०⁻³⁴ हे उत्तर बदलू नका, खाडाखोडही नको. सुधारित कृती गुरुवारी आणा. ती मी शेजारच्या गटाला देणार आहे. तुम्हाला काहीही न विचारता त्यांना लाल एलईडीचे तुमच्याइतकेच व्होल्टेज मिळते का, ते पाहू.