वरिष्ठ लेखापाल पदासाठी अर्ज

कोल्हापूर
दि. १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
लेखा व वित्त विभाग,
भोसरी एमआयडीसी, पुणे

विषय : वरिष्ठ लेखापाल पदासाठी अर्ज
संदर्भ : आपली दि. १६ नोव्हेंबरची जाहिरात

महोदय,

‘पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत हिशेब बंद करून नफा-तोटा पत्रक देता आले पाहिजे,’ ही आपल्या जाहिरातीतली अट वाचून मी हा अर्ज करत आहे. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका प्रायव्हेट लिमिटेड मशीन शॉपमध्ये मी २०१८ पासून लेखा विभाग सांभाळते. उलाढाल साधारण ३८ कोटींची आहे, हाताखाली दोन सहायक आहेत. आमचा महिना ५ तारखेला बंद होतो.

मी रुजू झाले तेव्हा चित्र वेगळे होते. मागच्या महिन्यात नफा झाला की तोटा, हे कळायला २०-२२ तारीख उजाडायची. उशीर टॅलीत नोंदी करण्यात होत नव्हता, कागद टेबलावर यायलाच वेळ लागत होता. माल स्टोअरमध्ये उतरलेला असायचा, पण पुरवठादाराचे बिल आलेले नसायचे, म्हणून खरेदी पुढच्या महिन्यात जायची. आता माल आत आला की त्याच दिवशी जीआरएन टॅलीत पडतो आणि महिनाअखेर ‘माल आला, बिल नाही’ अशी यादी काढून तेवढी तरतूद होते. विजेचेही तसेच. आमच्याकडे भट्टी आहे, त्यामुळे महावितरणचे बिल हा मोठा खर्च, आणि ते येते महिना उलटल्यावर. म्हणून शेवटच्या दिवशी संध्याकाळी मेंटेनन्सचा माणूस मीटरचे रीडिंग लिहून देतो. मागच्या रीडिंगपासूनचे युनिट गुणिले मागच्या बिलाचा सरासरी दर, एवढ्या रकमेची नोंद करायची आणि १ तारखेला ती उलटवायची. प्रत्यक्ष बिल येते तेव्हा फरक किरकोळच निघतो. बँकेची रुजवात, सीसी खात्याचे व्याज, घसारा, पगार, पीएफ-ईएसआयसीची देणी आणि ग्राहकांच्या रिजेक्शनच्या डेबिट नोटा ४ तारखेपर्यंत पूर्ण होतात. सस्पेन्स खात्यात एक रुपयाही शिल्लक असेल तर महिना बंद झाला असे मी मानत नाही. त्याच आकड्यांवरून बँकेला स्टॉक स्टेटमेंट जाते, त्यामुळे ड्रॉइंग पॉवरवरून पुन्हा प्रश्न येत नाहीत.

टॅलीवर मी ईआरपी ९ च्या काळापासून काम करते, आता टॅलीप्राइमवर. व्हाउचर टाकणे कुणालाही शिकवता येते. खरे काम मास्टर नीट बांधण्यात असते, असे माझे मत आहे. आमच्याकडे प्रत्येक मशीन लाइनला वेगळे कॉस्ट सेंटर आहे. हीट ट्रीटमेंटला आणि प्लेटिंगला जाणारा माल ज्याच्याकडे जातो त्या जॉबवर्करच्या नावाचे गोडाऊन टॅलीत उघडलेले आहे. त्यामुळे कुणाकडे किती नग पडून आहेत आणि कुठल्या चलानाला वर्ष पूर्ण होत आले आहे, हे एका रिपोर्टमध्ये दिसते. आयटीसी-०४ भरताना चलानांचे गठ्ठे सोडावे लागत नाहीत. एक्सेलमधून नोंदी आयात करणे, बँक स्टेटमेंटवरून रुजवात, ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल थेट टॅलीतून काढणे हे रोजचे काम. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल बंधनकारक झाला, तेव्हा एडिट लॉगची आवृत्ती बसवून प्रत्येकाला स्वतंत्र युजर आणि मर्यादित अधिकार मी लावून दिले. यंदा २२ सप्टेंबरला जीएसटीचे दर बदलले आणि आमच्या जॉबवर्कचा दर १२ वरून १८ टक्के झाला. लागू तारखेसह दर आदल्या दिवशीच बदलून ठेवला होता, त्यामुळे २२ तारखेची पहिली बिले नव्या दरानेच निघाली.

सॅपवर मी काम केलेले नाही. आपल्याकडे पुढे ते येणार असेल तर शिकायची तयारी आहे. ग्राहकांच्या व्हेंडर पोर्टलवर बिले आणि एएसएन टाकण्याचे काम मात्र मीच करते.

करांच्या बाबतीत सांगायचे तर माझी सुरुवातच तिथून झाली. लक्ष्मीपुरीतल्या एका सीए कार्यालयात पाच वर्षे होते. व्हॅटची रिटर्न्स भरली, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पक्षकारांचे ट्रान-१ भरले. सध्याच्या कंपनीत ११ तारखेचे जीएसटीआर-१, २० तारखेचे ३बी, ७ तारखेचा टीडीएस भरणा, २४क्यू आणि २६क्यू, प्रोफेशन टॅक्स, वर्षाचे जीएसटीआर-९ आणि ९सी, तसेच टॅक्स ऑडिटची तयारी माझ्याकडे आहे. मी जबाबदारी घेतल्यापासून कुठल्याही रिटर्नवर विलंब शुल्क भरावे लागलेले नाही.

१४ तारखेला २बी आले की खरेदी खात्याशी जुळवणी सुरू होते. न जुळणाऱ्या बिलांत बहुतेक वेळा दोनच कारणे असतात : पुरवठादाराने बिल क्रमांक वेगळा टाकलेला असतो (आपल्याकडे ‘०१२५’, त्याच्याकडे ‘१२५/२५-२६’), नाहीतर तो तिमाही रिटर्न भरणारा असतो आणि त्याने आयएफएफमध्ये बिल चढवलेले नसते. अशांना मी त्याच दिवशी फोन करते. जे २बीत नाही त्याचे क्रेडिट त्या महिन्यात घेत नाही, मालकांनी आग्रह केला तरी.

२०२३ मध्ये २०१८-१९ या वर्षासाठी एएसएमटी-१० ची नोटीस आली होती. ३बी आणि २ए मध्ये क्रेडिटचा फरक दिसत होता. डिसेंबर २०२२ च्या १८३ क्रमांकाच्या परिपत्रकाचा आधार घेऊन पुरवठादारनिहाय तक्ता केला. ज्यांचा फरक पाच लाखांवर होता त्यांच्याकडून सीएचे प्रमाणपत्र आणि बाकीच्यांकडून त्यांचे स्वतःचे प्रमाणपत्र मिळवले. उत्तर मान्य होऊन एएसएमटी-१२ ने प्रकरण बंद झाले. ते उत्तर मी तयार केले आणि आमच्या सीएंनी तपासून पाठवले.

४३बी(एच) लागू झाल्यापासून सूक्ष्म व लघु पुरवठादारांचे उद्यम क्रमांक लेजरमध्येच नोंदवले आहेत. करार नसेल तर १५ दिवस आणि असेल तर कमाल ४५, या हिशेबाने दर सोमवारी देण्यांची यादी मालकांपुढे ठेवते. मार्चअखेर थकलेली रक्कम उत्पन्नात मिळवली जाण्यापेक्षा त्या लहान कारखानदाराला वेळेवर पैसे गेलेले बरे, असे मला मनापासून वाटते.

मी शिवाजी विद्यापीठाची एम.कॉम. आहे. पतीची बदली चिंचवडला झाल्यामुळे आम्ही पुण्यात स्थायिक होत आहोत. सध्याचा पगार वार्षिक ५ लाख ४० हजार असून ६ लाख ६० हजारांची अपेक्षा आहे. एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल. डिसेंबरचा महिना बंद करून, सगळे काम सहायकांच्या हाती सोपवूनच निघायचे आहे, म्हणून ७ जानेवारीपासून रुजू होता येईल. २० तारखेला ३बी भरून झाल्यावर, म्हणजे २१ किंवा २२ नोव्हेंबरला, मुलाखतीसाठी भोसरीला येऊ शकेन. टॅलीवर प्रत्यक्ष काम करून दाखवायला सांगितलेत तर आनंदच होईल.

आपली विश्वासू,
मनीषा पाटील

सोबत : बायोडेटा, एम.कॉम. गुणपत्रिका, दोन्ही ठिकाणची अनुभवपत्रे, महिनाअखेरीच्या कामांच्या यादीचा नमुना (कंपनीचे नाव व आकडे वगळून)